होमलोनचं व्याज सर्टिफिकेट अन् स्टेटमेंटची बेरीज जुळून नाही राहिली, रिटर्नमध्ये कोणता आकडा टाकू?

वर्षा_बेसा

नमस्कार मंडळी, रिटर्न भरायला बसली आहे आणि एका ठिकाणी अडकली. बेसाला आमचा फ्लॅट आहे, आम्हीच राहतो, लोन माझ्या एकटीच्या नावावर, घरही माझ्याच नावावर. जुनी रिजीम घेते कारण व्याजाची सूट मिळते. जानेवारीत ऑफिसला द्यायला बँकेच्या ॲपवरून सर्टिफिकेट काढलं होतं त्यात व्याज १,९३,७५५ आणि मुद्दल १,००,२४५ असं आहे, फॉर्म १६ मध्येपण ऑफिसने तेच घेतलं. आता म्हटलं एकदा स्वतः पाहून घ्यावं म्हणून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चं लोन अकाउंटचं स्टेटमेंट काढलं आणि डेबिट कॉलममधल्या सगळ्या एंट्र्यांची बेरीज केली तर १,९४,५८१ येऊन राहिली. फरक ८२६ चा. रक्कम छोटी आहे पण कशाची आहे हेच कळत नाहीये. व्याज दर महिन्याला एकदा पडतं, एंट्र्या बाराच आहेत, मोजून पाहिल्या. ईएमआय २४,५०० आहे, दर ५ तारखेला जातो. व्याजाचा दर वर्षभर ८.७५ टक्केच होता. कोणाला माहीत असेल तर सांगा.

रोशन_मानेवाडा

ताई इतकं टेन्शन कशाला, व्याजाची लिमिट २ लाख आहे, तुमचे दोन्ही आकडे २ लाखाच्या आत आहेत म्हणजे दोन्ही चालतात. जो जास्त आहे तो टाका. आणि फरक म्हणाल तर फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने रेपो कमी केला होता ना पाव टक्का, त्याचाच असेल.

धरमपेठचे_काका

रोशन, लिमिटचं उलटं आहे. दोन्ही आकडे २ लाखाच्या वर असते तर फरकाने काही बिघडलं नसतं, कारण स्वतः राहत असलेल्या घराला सूट २ लाखावरच थांबते. आत आहेत म्हणूनच प्रत्येक रुपया मोजावा लागतो. आणि रेपोचं म्हणशील तर ७ फेब्रुवारीला कपात झाली हे खरं, पण ती प्रत्येकाच्या लोनला त्याच दिवशी लागत नाही, ज्याच्या त्याच्या रिसेट तारखेला लागते. वर्षाताईंनी लिहिलंच आहे की दर वर्षभर ८.७५ होता.

वर्षाताई, आधी तीन गोष्टी सांगा. एक, जानेवारीतल्या त्या सर्टिफिकेटवर प्रोव्हिजनल असं कुठे लिहिलं आहे का. दोन, जानेवारीनंतर तुम्ही जास्तीचे पैसे भरले का. तीन, वर्षात एखादा ईएमआय हुकला किंवा बाउन्स झाला का. मी बँकेत बरीच वर्षं लोन डेस्कवर होतो, हे प्रश्न सवयीने आधी विचारतो.

प्रभाकर_त्रिमूर्तीनगर

व्याज सर्टिफिकेटचं मॅचिंग एआयएसमध्ये करायचं असतं. पोर्टलवर लॉगिन करून एआयएस उघडा, बँकेने कळवलेलं व्याज दिसेल, टीडीएस कापला असेल तर तोही. मी माझ्या एफडीचं दरवर्षी तसंच करतो, १५एच भरलेला असूनही व्याज तिथे दिसतंच.

वर्षा_बेसा

प्रभाकरकाका, ते एफडीवर मिळालेल्या व्याजाचं, माझं लोनवर भरलेल्या व्याजाचं आहे. ते एआयएसमध्ये मला तरी दिसलं नाही.

धरमपेठचे काका, तिन्हीचं उत्तर हो आहे. सर्टिफिकेटवर बारीक अक्षरात प्रोव्हिजनल लिहिलेलं आहे. १५ फेब्रुवारीला बोनस आला तेव्हा दीड लाख पार्ट पेमेंट केलं. आणि नोव्हेंबरचा ईएमआय ५ तारखेला बाउन्स झाला, सॅलरी उशिरा आली होती, मग १२ तारखेला भरला, ५९० चार्जपण लागला.

धरमपेठचे_काका

मग ते जानेवारीचं सर्टिफिकेट बाजूला ठेवा, ८२६ चा फरक शोधूच नका. तो दोन चुकीच्या आकड्यांमधला फरक आहे, त्यातून काही हाती लागणार नाही. प्रोव्हिजनल म्हणजे बँकेने जानेवारीपर्यंतचं खरं व्याज घेतलं आणि फेब्रुवारी-मार्चचं अंदाजाने जोडलं. त्यात तुमचे दीड लाख कुठून येणार, ते तर तुम्ही नंतर भरले. ते भरल्यावर शिल्लक कमी झाली, म्हणजे त्या दोन महिन्यांचं व्याजही कमी पडलं.

आता ३१ मार्चनंतरचं फायनल सर्टिफिकेट काढा. ॲपवर आर्थिक वर्ष २०२४-२५ निवडलं की आता फायनलच यायला पाहिजे, तरी प्रोव्हिजनल हा शब्द नाही ना ते पाहून घ्या. नाही मिळालं तर ब्रँचमध्ये लेखी मागा. आणि स्टेटमेंट पीडीएफ नको, एक्सेलमध्ये काढा, आणि त्यात दोन तारखा दिसतात का ते पाहा, एक ट्रान्झॅक्शन डेट आणि एक व्हॅल्यू डेट.

स्नेहल_आर्टिकल

मी सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करून राहिली आहे, सध्या रोज हेच काम. एक ॲड करते, ५९० हे व्याज नाही. ५०० बाउन्स चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. ताईंनी डेबिट कॉलमची सरसकट बेरीज केली असेल तर तो त्यात आला असणार.

वर्षा_बेसा

फायनल मिळालं. बर्डीच्या ब्रँचला फोन केला तर म्हणाले ॲपवरच आहे, दुसऱ्या मेनूत होतं. त्यात व्याज १,९२,१३३, मुद्दल २,५१,८६७, ३१ मार्चची शिल्लक २०,२८,१३३.

स्नेहल, हौ, ५९० माझ्या बेरजेत होते. ते काढले तर १,९३,९९१ उरतात. पण सर्टिफिकेटपेक्षा अजूनही १,८५८ जास्तच आहेत. आणि आणखी एक, स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीत शिल्लक २०,१३,१४९ आहे, सर्टिफिकेटमधली २०,२८,१३३. आता हे काय बाप्पा. एक्सेलमध्ये दोन तारखा आहेत, बहुतेक ओळीत सारख्याच आहेत.

धरमपेठचे_काका

बहुतेक ओळीत सारख्या, पण सगळ्या नाहीत. व्याजाच्या पहिल्या आणि शेवटच्या एंट्रीची तारीख पाहा बरं. आणि त्या दोन शिलकांची वजाबाकी करा. २०,२८,१३३ वजा २०,१३,१४९ म्हणजे १४,९८४. एवढी रक्कम म्हणजे जवळपास एका महिन्याचं व्याज होतं. तुमच्या स्टेटमेंटमध्ये मार्च २०२५ चं व्याज आलेलंच नाही असा माझा अंदाज आहे.

वर्षा_बेसा

काका बरोबर! स्टेटमेंटची पहिलीच ओळ ट्रान्झॅक्शन डेट १ एप्रिल २०२४, व्हॅल्यू डेट ३१ मार्च २०२४, व्याज १६,८४२. आणि शेवटचं व्याज १४,११० हे फेब्रुवारीचं आहे. मार्चचं व्याज पाहायला एप्रिल २०२५ चं स्टेटमेंट काढलं तर त्यात १ एप्रिलला १४,९८४ पडलेलं आहे, व्हॅल्यू डेट ३१ मार्च २०२५. बारा एंट्र्या होत्या म्हणून मला शंकाच आली नाही.

धरमपेठचे_काका

म्हणूनच हे लवकर सापडत नाही. काही बँकांची सिस्टीम महिनाअखेरचं व्याज रात्रीच्या बॅचमध्ये काढते आणि खात्यात दुसऱ्या दिवशीच्या तारखेने टाकते, व्हॅल्यू डेट मात्र आदल्या दिवशीची ठेवते. इतर महिन्यांत त्याने काही फरक पडत नाही, कारण ३१ जुलैचं व्याज १ ऑगस्टला आलं तरी वर्ष तेच असतं. मार्चमध्ये मात्र वर्षच बदलतं. तुम्ही तारखेचा फिल्टर ट्रान्झॅक्शन डेटवर लावला, त्यामुळे मागच्या वर्षीचा मार्च आत आला आणि यंदाचा मार्च बाहेर गेला. संख्या बाराची बाराच.

आता हिशेब लावून पाहा. १६,८४२ वजा १४,९८४ म्हणजे १,८५८. तुमचा उरलेला फरक तोच आहे, रुपयाला रुपया. हे दोन मार्च सारखे असते तर फरक अगदी किरकोळ राहिला असता, पण यंदाच्या मार्चआधी तुम्ही दीड लाख भरले म्हणून व्याज बरंच उतरलं.

आणि व्याजाला व्हॅल्यू डेटच का धरायची, तर कायद्यात स्वतःच्या घराच्या व्याजाची सूट त्या वर्षात देय झालेल्या व्याजावर आहे, तुमच्या खात्यातून पैसे केव्हा गेले यावर नाही. मार्च २०२५ चं व्याज मार्च २०२५ मध्येच देय झालं, नोंद कधी का होईना. नोव्हेंबरचा ईएमआय उशिरा भरला तरी नोव्हेंबरचं व्याज नोव्हेंबरचंच, उलट ते आठवडाभर शिल्लक जास्त राहिली म्हणून चार पैसे जास्त लागलं असेल. मुद्दलाचं मात्र वेगळं आहे, ८०सी मध्ये प्रत्यक्ष भरलं तेच.

रोशन_मानेवाडा

काका, मग मी जो सोपा हिशेब करतो तो चुकतो का? मी बारा ईएमआयची बेरीज करतो आणि त्यातून शिल्लक किती कमी झाली ते वजा करतो, जे उरेल ते व्याज.

धरमपेठचे_काका

पद्धत वाईट नाही, पण ती बारा ईएमआयवर चालत नाही, एकूण भरण्यावर चालते. वर्षाताईंचंच घे. बारा ईएमआयचे २,९४,००० झाले. १ एप्रिलची शिल्लक, म्हणजे मागच्या मार्चचं व्याज धरून, २२,८०,००० होती, ती ३१ मार्चला २०,२८,१३३ झाली, म्हणजे २,५१,८६७ ने उतरली. तुझ्या पद्धतीने व्याज आलं ४२,१३३. दीड लाखाचं पार्ट पेमेंट धरलं की भरणा ४,४४,००० होतो आणि त्यातून २,५१,८६७ गेले की बरोबर १,९२,१३३ उरतात. चार्जेस भरले असतील तर तेही दोन्ही बाजूंनी काढावे लागतात.

मी स्वतः हाच ताळा आधी करतो. सुरुवातीची शिल्लक, त्यात वर्षाचं व्याज मिळवायचं, भरलेलं सगळं वजा करायचं, शेवटची शिल्लक यायला पाहिजे. २२,८०,००० अधिक १,९२,१३३ वजा ४,४४,००० हे २०,२८,१३३ च होतात. ५९० आले आणि गेले म्हणून इथे दिसत नाहीत. हा ताळा लागला तर सर्टिफिकेट बरोबर आहे असं मी छातीठोक सांगतो, नाही लागला तर एंट्री-एंट्री पाहायला बसतो.

स्नेहल_आर्टिकल

आमच्या ऑफिसमध्ये एक्सेलमध्ये असं करतो, ताई तुम्हीपण करून पाहा. व्हॅल्यू डेट बी कॉलमला, नरेशन सी ला आणि डेबिट ई ला असेल तर

```
=SUMIFS(E:E,B:B,">="&DATE(2024,4,1),B:B,"<="&DATE(2025,3,31),C:C,"*INT*")
```

स्टेटमेंट मात्र १ एप्रिल २०२५ च्या पुढपर्यंत काढायचं, ५ एप्रिलपर्यंत घ्या म्हणजे शेवटची एंट्री सुटत नाही. आणि नरेशनमध्ये तुमची बँक काय लिहिते ते आधी पाहा. दंडाच्या ओळीतही INT हे अक्षर असू शकतं, तसं असेल तर ती ओळ हाताने काढावी लागते. बँकेच्या एक्सेलमधल्या तारखा कधीकधी टेक्स्ट म्हणून येतात, तेव्हा उत्तर शून्य येतं, तर आधी त्या डेट फॉरमॅटला आणायच्या.

वर्षा_बेसा

केलं, १,९२,१३३ आलं. खूप बरं वाटलं. आता फॉर्म १६ मध्ये १,९३,७५५ आहे त्याचं काय? ऑफिसला कळवून बदलून घ्यावं लागेल का?

स्नेहल_आर्टिकल

नाही, फॉर्म १६ बदलून घ्यायची गरज नाही. ऑफिसने तुम्ही दिलेल्या कागदावरून टीडीएस कापला, खरा आकडा तुम्ही रिटर्नमध्ये टाकायचा. पोर्टलवर आधीच भरून आलेला आकडा तेवढा बदला. आणि २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये व्याजाच्या सूटसाठी लोन कोणाकडून, अकाउंट नंबर, सँक्शनची तारीख, एकूण लोन, ३१ मार्चची शिल्लक आणि व्याज असं सगळं विचारतात. शिल्लक २०,२८,१३३ टाका, स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीतली २०,१३,१४९ नको, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

सारंग_मनीषनगर

एवढी मेहनत कशाला, नवीन रिजीम घ्या ना, त्यात हे व्याज मिळतच नाही, मॅच करायची गरजच नाही.

धरमपेठचे_काका

सारंग, ज्याला जुनी रिजीम परवडते त्याने ती का सोडावी. आणि नवीनमध्येही घर भाड्याने दिलेलं असेल तर भाड्यातून व्याज वजा होतंच, तेव्हा आकडा तिथेही लागतो. स्वतः राहत असलेल्या घरापुरतं तुझं बरोबर आहे.

वर्षाताई, एक महत्त्वाचं. तुमच्या ८०सी मध्ये पीएफ आणि एलआयसी धरून किती होतात? कारण ऑफिसने मुद्दल १,००,२४५ धरलंय, खरं मुद्दल २,५१,८६७ आहे. पार्ट पेमेंट हे सगळं मुद्दलातच जातं, ते बरेच लोक विसरतात.

वर्षा_बेसा

पीएफ आणि एलआयसी मिळून ३८,०००. ऑफिसने १,३८,२४५ घेतलं होतं.

धरमपेठचे_काका

मग दीड लाखाची मर्यादा भरत नव्हती, आता भरते. ११,७५५ ची सूट वाढली. व्याजात १,६२२ कमी झाले. दोन्ही मिळून तुमचं करपात्र उत्पन्न १०,१३३ ने खाली येतं. तुम्ही २० टक्क्याच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून साधारण २,१०० रुपये परत मिळतील. व्याज खरं लिहिल्याने थोडं नुकसान झालं असं वाटतं तिथेच मुद्दलाकडून भरून निघालं.

एक तपासून घ्या मात्र. काही सर्टिफिकेटमध्ये मुद्दल फक्त ईएमआयमधलं दाखवतात, तुमच्या बाबतीत ते १,०१,८६७ दिसलं असतं आणि दीड लाख वेगळ्या ओळीत किंवा कुठेच नाही. तुमच्यात २,५१,८६७ आहे म्हणजे धरलंय. पार्ट पेमेंटची पावती जपून ठेवा.

मयुरी_वर्धारोड

काका माझंपण सांगा ना. आम्ही नवरा-बायको दोघं को-ओनर आणि को-बॉरोअर. सप्टेंबरमध्ये एका बँकेतून दुसरीकडे लोन ट्रान्सफर केलं. जुन्या बँकेचं खातं बंद झालं तर ॲपवर काहीच दिसत नाही, नवीन बँकेचं सर्टिफिकेट फक्त सप्टेंबरनंतरचं. नवीनवाल्याचं व्याज १,३८,००० आहे, तेवढंच टाकू का?

धरमपेठचे_काका

नाही, जुन्या बँकेचे एप्रिल ते सप्टेंबरचेही मिळवायचे आहेत. खातं बंद झालं तरी सर्टिफिकेट देतात, ॲपवर नसेल तर ब्रँचला किंवा कस्टमर केअरच्या ईमेलवर जुना लोन नंबर देऊन मागा. तोवर बंद करताना मिळालेलं फोरक्लोजर लेटर शोधा, त्यात त्या दिवसापर्यंतचं व्याज वेगळं लिहिलेलं असतं. नवीन बँकेत सप्टेंबरच्या तुटक दिवसांचं व्याज पहिल्या ईएमआयच्या आधी स्वतंत्र पडलेलं असतं, ते सर्टिफिकेटमध्ये आलंय का तेवढं स्टेटमेंटवरून पाहा. नवीन बँकेने जुन्या बँकेला दिलेली मोठी रक्कम मात्र मुद्दल भरलं म्हणून ८०सी मध्ये टाकू नका, ते तुम्ही भरलेलं नाही, लोन इकडून तिकडे गेलं.

मयुरी_वर्धारोड

आणि दोघांमध्ये वाटायचं कसं? हप्ता माझ्या खात्यातूनच जातो, पण सर्टिफिकेटवर दोघांची नावं आहेत.

स्नेहल_आर्टिकल

आमच्याकडे मालकीच्या हिश्श्याने वाटतात, खरेदीखतात निम्मा-निम्मा असेल तर निम्मं व्याज. दोघांना वेगवेगळी २ लाखाची मर्यादा मिळते.

धरमपेठचे_काका

मालकीचा हिस्सा तर आहेच, पण पैसे एकटीच भरत असेल तर निम्म्याचा दावा नवऱ्याने करावा का यावर सीए लोकांमध्येच एकमत नाही. तुमच्या सीएला खरेदीखत आणि बँकेचं स्टेटमेंट दोन्ही दाखवा.

स्नेहल_आर्टिकल

काका, मला एक विचारायचं होतं. एका क्लायंटच्या बँकेने फायनल सर्टिफिकेटच ट्रान्झॅक्शन डेटने बनवलं आहे, म्हणजे वर्षाताईंच्या १,९३,९९१ सारखं. मार्च आतबाहेर झालाय. सर म्हणाले सर्टिफिकेट जसं आहे तसं घ्या, दरवर्षी एकच पद्धत असली की कुठलंही व्याज दोनदा जात नाही.

धरमपेठचे_काका

सरांचं म्हणणं समजतं, पण देय झालेल्या वर्षाचा विचार केला तर मला ते पूर्ण पटत नाही. मी असतो तर बँकेला व्हॅल्यू डेटने सुधारून मागितलं असतं. निदान मागच्या वर्षी क्लायंटने कोणत्या पद्धतीने घेतलं ते पाहा, तेव्हा मार्च २०२४ घेऊन झाला असेल तर यंदा पुन्हा येता कामा नये.

रोशन_मानेवाडा

आणि प्रोसेसिंग फी? माझ्या सर्टिफिकेटमध्ये ती नाहीये, पण एक जण म्हणाला तीही व्याजात धरतात.

स्नेहल_आर्टिकल

कायद्यातल्या व्याजाच्या व्याख्येत कर्जासंबंधीची सर्व्हिस फी येते, म्हणून बरेच जण धरतात. सर्टिफिकेटबाहेरचं काही टाकायचं असेल तर पावती हवी. बाउन्स चार्ज मात्र आम्ही धरत नाही.

वर्षा_बेसा

रिटर्न भरलं, व्याज १,९२,१३३ आणि ८०सी दीड लाख. २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती तरी थांबली नाही. रिफंड २,११० दाखवतंय. फायनल सर्टिफिकेट, एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यापर्यंतचं एक्सेल स्टेटमेंट आणि पार्ट पेमेंटची पावती एकाच फोल्डरमध्ये ठेवली. काका, स्नेहल, दोघांचे मनापासून आभार.

मयुरी_वर्धारोड

जुन्या बँकेला ईमेल टाकला आहे. फोरक्लोजर लेटर सापडलं, त्यात व्याज १८ सप्टेंबरपर्यंतचं आहे, पण नवीन बँकेचं व्याज १६ सप्टेंबरपासून सुरू झालंय. दोन दिवस दोघांनीही लावलं. हे दोन्ही धरायचं का?

धरमपेठचे_काका

नवीन बँकेने चेक काढला त्या दिवसापासून लावलं, जुन्या बँकेने तो जमा होईपर्यंत लावलं, असं होतं. दोन्हीकडे तुम्हाला देणं लागलं, म्हणून दोन्ही सर्टिफिकेटमध्ये असेल तसं घ्या असं माझं मत. जुन्या बँकेचं सर्टिफिकेट आलं की आकडे इथे टाका, लेटरशी जुळतात का पाहू.